माळकरी घरातली अंड्याची वेगळी मांडणी

माझ्या सासूबाईंच्या गळ्यात तुळशीची माळ आहे आणि आमच्या नागपुरातल्या मानेवाड्याच्या घरात अंडं कधी शिजलं नव्हतं. माझ्या माहेरी चालायचं, पण लग्नानंतर मी सोडलं आणि त्याचं मला फारसं काही वाटलंही नाही. प्रश्न उभा राहिला तो भाचा आला तेव्हा. नणंदेचा हा मुलगा काटोलकडच्या खेड्यातून पोलीस भरतीच्या तयारीसाठी आमच्याकडे राहायला आला. पहाटे मैदान, १६०० मीटर धावणं, गोळाफेक, आणि परत आल्यावर वाघासारखी भूक. मैदानावरच्या सरांनी त्याला रोज चार अंडी खायला सांगितली होती. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम प्रथिनं असतात. डाळ-पोळीवर तेवढी भरपाई करायची तर ताट फार मोठं होतं.

तो म्हणाला, "मामी, मी गाडीवर खातो नं, घरी कायले झंझट?" पण सकाळी आठला उकडलेली अंडी देणारी गाडी आमच्या भागात लागत नाही, आणि रोजचे पैसे त्याच्याजवळ नव्हते. मी आईंना स्पष्ट विचारलं. त्यांनी एक दिवस विचार केला आणि संध्याकाळी देवाजवळ दिवा लावून झाल्यावर म्हणाल्या, "नातू आहे माझा, त्याला उपाशी ठेवून मला काय पुण्य लागणार? कर तू. पण माझ्या भांड्याला तो वास नको, माझ्या सायीला नको, आणि देवाच्या कशालाही तो हात लागू नको." ही परवानगी नुसती हो म्हणण्यापुरती नव्हती. तीन अटी होत्या, आणि त्या पाळायची जबाबदारी माझ्यावर होती.

वेगळं ठेवायचं म्हणजे वेगळा तवा आणि वेगळं पातेलं, एवढं कुणालाही सुचतं. मलाही तेच सुचलं. पण तवा कधीच चुकीच्या जागी जात नाही, कारण तो मोठा असतो आणि सगळ्यांचं त्याच्याकडे लक्ष असतं. सीमा मोडते ती घासणीत, मिठाच्या बरणीत, तेलाच्या बाटलीत आणि वाढायच्या डावात. म्हणून भांड्यांबद्दल थोडक्यात सांगते आणि या बाकीच्या गोष्टींवर जास्त वेळ देते.

जागा आधी ठरवली. आमच्या स्वयंपाकघराच्या मागे एक गॅलरी आहे, तिथे वॉशिंग मशीन आहे आणि नळासकट लहान मोरी आहे. मशीनचा १६ अँपिअरचा पॉइंट होता, म्हणून तिथे इंडक्शन शेगडी चालली. २००० वॅटची शेगडी घरातल्या साध्या ६ अँपिअरच्या सॉकेटवर लावू नये, सॉकेट तापून वितळतं. गॅलरी उघडी असल्यामुळे वासाचा अर्धा प्रश्न तिथेच सुटला. स्वयंपाकघरातल्या गॅसवर अंडं न शिजवण्याचं आणखी एक कारण आहे. उकळताना अंडं तडकलं की पांढरा फेस उतू जाऊन बर्नरवर जळतो, आणि मग तिथे चहा ठेवला तरी तो वास वर येत राहतो.

भांडी इतवारीतून आणली. पर्समध्ये फ्रिजवर लावायचं एक चुंबक घेऊन गेले होते. तळाला चुंबक घट्ट चिकटलं तरच ते भांडं इंडक्शनवर तापतं, आणि स्टीलच्या प्रत्येक गंजाला, म्हणजे पातेल्याला, ते काही चिकटत नाही. अॅल्युमिनियम तर मुळीच चालत नाही, शिवाय त्यात अंडी उकडली की आतून काळं पडतं. दीड लिटरचा सपाट बुडाचा एक स्टीलचा गंज, लहान लोखंडी तवा, उलटायला एक पातळ सराटा, एक डाव, एक ताट, दोन वाट्या, दोन चमचे, फेटायला एक खोलगट वाडगा आणि झाकणाचे दोन डबे. एवढंच. लाकडाचं आणि प्लॅस्टिकचं मुद्दाम काही घेतलं नाही. लाकूड ओलावा पितं, प्लॅस्टिकला बारीक चरे पडतात, आणि दोन्हींत वास बसतो तो धुऊन जात नाही. स्टीलमध्ये काही मुरत नाही, तिथे वास राहिला तर तो वर चिकटून राहिलेल्या थराचा असतो आणि थर घासून निघतो. लोखंडी तव्याचं मात्र उलटं आहे. त्याच्यावर तेल जळून जो काळा, गुळगुळीत थर तयार होतो तोच त्याचा गुण, आणि त्याच थरात वासही धरून राहतो. म्हणून आमचा पोळ्यांचा तवा एकदासुद्धा अंड्यासाठी वापरायचा नाही, हे पहिल्या दिवसापासून पक्कं होतं. एकदा लावला की तो परत पूर्वीसारखा करायला जाळून, घासून, पुन्हा तेल मुरवावं लागतं.

आता खूण. लाल दोरा बांधून पाहिलेल्या घरांची हकीकत मी ऐकली होती, दोरा ओला होऊन कुजतो नाहीतर सुटतो. नेलपॉलिश उष्णतेने उडतं. आपल्याकडे भांड्यावर नाव घालायची पद्धत आहेच. आईंच्या लग्नातल्या भांड्यांवर अजून त्यांच्या वडिलांचं नाव वाचता येतं. मी दुकानदाराला म्हटलं, प्रत्येक नगावर 'अं' कोरून द्या, बुडाला नको, दांड्यावर आणि काठाजवळ, हातात घेताच दिसेल असं. त्याने नाव घालायच्या मशीनने सगळ्यांवर कोरून दिलं. चमच्यांसाठी ही खूण सगळ्यांत उपयोगी पडली, कारण चमचे सारखेच दिसतात आणि घाईत कुठल्याही स्टँडमध्ये जातात. बोटालासुद्धा ते कोरलेलं लागतं.

पहिला खरा धक्का ग्लासाने दिला. एका सकाळी आईंनी पाण्याचा ग्लास तोंडाशी नेला आणि तसाच खाली ठेवला. बोलल्या काही नाहीत, फक्त तो ग्लास माझ्याकडे सरकवला. वशट वास येत होता. त्या ग्लासाचा अंड्याशी कधीच संबंध आला नव्हता, तरीही वास होता, म्हणजे तो कुठूनतरी आणला गेला होता. मी शोध कसा घेतला ते सांगते, कारण असं कुणाच्याही घरी होऊ शकतं. कोरड्या थंड भांड्यात हा वास नीट कळत नाही. भांड्यात कडकडीत पाणी ओतायचं, वर ताटली ठेवायची, मिनिटभर थांबायचं, मग ताटली उचलून लगेच नाक जवळ न्यायचं. वाफेबरोबर वास वर येतो. मी रोजच्या वापरातले ग्लास, वाट्या, चहाचं पातेलं असं एकेक तपासलं. मग पाहुण्यांसाठी फडताळात ठेवलेले ग्लास तपासले. रोजच्यांपैकी बहुतेकांना वास होता, पाहुण्यांच्या एकालाही नव्हता. दोघांत फरक एवढाच की रोजचे ग्लास आदल्या दिवशी घासले गेले होते. म्हणजे दोष भांड्यांत नव्हता, घासणीत होता.

झालं असं होतं की भाच्याचं रात्रीचं ताट आतल्या सिंकमध्ये आलं आणि भांडी घासणाऱ्या मावशींनी ते बाकीच्यांबरोबर त्याच स्पंजने घासलं. त्यांचा काही दोष नव्हता, ताटासारखं ताट होतं. स्पंजमध्ये अंड्याचा पातळ अंश आणि तेल शिरलं, रात्रभर तो ओला राहिला आणि सकाळी त्याने सगळी भांडी माखली. तो स्पंज टाकून दिला. सगळी भांडी आधी कोरड्या बेसनाने चोळली, कारण बेसन चिकटलेला तेलकटपणा ओढून घेतं, आणि मग साबणाने घासली. वाफेची परीक्षा परत घेतली तेव्हा वास गेला होता.

तेव्हापासून नियम असा आहे की 'अं' कोरलेलं काहीही गॅलरीच्या उंबऱ्याच्या आत घासायला येत नाही. गॅलरीच्या मोरीवर तारेची वेगळी घासणी, साबणाची वेगळी वडी, पुसायला वेगळं फडकं. स्पंज तिथे ठेवतच नाही, तारेची घासणी लवकर वाळते. भाचा आपली भांडी स्वतः घासतो आणि गॅलरीतल्याच जाळीत पालथी घालतो. मावशींनाही ती जाळी दाखवून ठेवली आहे, त्या तिकडे हात लावत नाहीत.

घासण्याचा क्रमही महत्त्वाचा आहे, आणि तो बहुतेक लोक उलटा करतात. वाडग्याला कच्चं अंडं लागलं असेल तर आधी गार पाणी. अंड्याचा पांढरा भाग ६० ते ६५ अंशांच्या आसपास घट्ट व्हायला लागतो, म्हणून कच्च्या अंड्यावर थेट गरम पाणी ओतलं की तो भांड्यावरच शिजून बसतो. मग पातळ पापुद्रा चिकटतो, डोळ्यांना दिसत नाही, आणि वास येत राहतो. आधी गार पाण्याने सगळं वाहून जाऊ द्यायचं, मग साबण, मग हवं तर गरम पाणी. भाच्याला हे एकदा कारणासकट सांगितलं, त्यानंतर परत सांगावं लागलं नाही.

दुसरा प्रसंग सायीचा, आणि तो मला जास्त लागला. आई आठवडाभर साय साठवतात, विरजण लावून लोणी काढतात आणि त्याचं तूप देवाच्या दिव्याला आणि नैवेद्याला जातं. सायीचं पातेलं फ्रिजमध्ये नुसतं ताटलीने झाकलेलं असायचं. एका रविवारी त्यांनी ताटली काढली आणि म्हणाल्या, "ही साय आता देवाला चालायची नाही." कारण तिथेच दिसत होतं. भाच्याने सकाळच्या घाईसाठी रात्रीच अंडी सोलून वाटीत ठेवली होती, तीही नुसती झाकलेली, आणि ती वाटी सायीच्या वरच्या कप्प्यात होती. उकडलेल्या अंड्याचा वास गंधकाचा असतो. सालीत असेपर्यंत तो बऱ्यापैकी आत राहतो, सोललं की मोकळा सुटतो. आणि फ्रिजमधल्या सगळ्या पदार्थांत परका वास सर्वांत आधी धरतात ते साय, लोणी, दूध, म्हणजे जिथे स्निग्धांश आहे ते. आठवडाभराची साय होती. आईंनी ती टाकली नाही, घरच्या पोळ्यांना तूप करून वापरू म्हणाल्या, पण दिव्याचं तूप त्या महिन्यात विकत आणावं लागलं.

आता साठवणीचं आमचं असं आहे. कच्ची अंडी फ्रिजच्या दारातल्या खाचांत नाहीत. फ्रिजवाल्यांनी ती जागा अंड्यांसाठी दिली असली तरी दार सारखं उघडतं, तिथलं तापमान सारखं हलतं, आणि दारात वर ठेवलेलं अंडं फुटलं तर खालच्या सगळ्या बाटल्यांवरून ओघळतं. आमच्याकडे ती सगळ्यांत खालच्या कप्प्यात, मागे, घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात असतात, डब्यात खाली कागद. खाली ठेवण्याचं कारण साधं आहे, सांडलं तर कशावर सांडणार नाही. दुकानातला पुठ्ठ्याचा ट्रे फ्रिजमध्ये जात नाही, तो कुठे कुठे ठेवलेला असतो. ट्रे गॅलरीतच रिकामा होतो, अंड्यांना काही लागलं असेल तर कोरड्या फडक्याने पुसतो. आणून लगेच धुवायची नाहीत. कवचाला बारीक छिद्रं असतात आणि ओल्या कवचातून बाहेरची घाण आत जाते. धुवायचीच असतील तर शिजवायच्या आधी.

नागपूरच्या उन्हाळ्यात अंडी बाहेर ठेवता येत नाहीत, पारा ४५ च्या वर जातो तेव्हा दोन दिवसांतच त्यांचा ताजेपणा जातो. फ्रिजमधून काढून बाहेर विसरली तर त्यांच्यावर घाम धरतो, ती मग परत आत ठेवत नाही, त्याच दिवशी शिजवतो. फुटलंच तर आधी फडकं फिरवायचं नाही, सगळीकडे पसरतं. त्यावर भरपूर मीठ टाकायचं, थोडा वेळ थांबायचं, ते जरा आळून येतं आणि कागदाने उचलता येतं. मग गार पाणी आणि साबण.

उकडलेली अंडी सालीसकट, दुसऱ्या घट्ट डब्यात, आणि तीही फक्त दुसऱ्या दिवशीच्या सकाळपुरती. भुर्जी किंवा रस्सा उरवायचाच नाही, लागेल तेवढाच करायचा. सायीला आता फिरकीच्या झाकणाचा डबा आहे. कवचं कागदात गुंडाळून थेट बाहेरच्या कचऱ्यात जातात. कुंड्यांना कवचांचा चुरा घालतात हे मला माहीत आहे, पण आमच्या अंगणात तुळस आहे, म्हणून तो विषयच काढला नाही.

उकडण्याच्या पद्धतीनेही वासात फरक पडतो, हे मला करता करता कळलं. जास्त वेळ खळखळ उकळलं की पिवळ्याच्या कडेला हिरवट-करडी रेघ येते. ती गंधक आणि लोह एकत्र आल्याची खूण, आणि ज्या दिवशी ती दिसते त्या दिवशी वासही जास्त असतो. मी गार पाण्यातच अंडी ठेवते, पाणी उकळलं की शेगडी बंद करून झाकण ठेवते, दहा-बारा मिनिटांनी काढून गार पाण्यात टाकते. यात एक नागपुरी अडचण आहे. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी नळाला चटका बसेल असं येतं, त्याने अंडं गार होत नाही, शिजतच राहतं. म्हणून उन्हाळ्यात रात्रीच एक बाटली फ्रिजमध्ये वेगळी ठेवते. कुकरमध्ये अंडी कधीच नाही. तडकलं तर पांढरं शिट्टीच्या वाटेत अडकतं, आणि झाकणाची रबरी रिंग वास इतका धरते की पुढच्या वरणालाही तो येतो.

मीठ-तिखटाचं मी सुरुवातीलाच वेगळं केलं होतं. भुर्जी करताना माणूस अंडं फोडतो, त्याच हाताने मिठाची बरणी उघडतो, हळदीचा चमचा धरतो, तेलाची बाटली उचलतो. हात धुतला म्हणतो तेव्हाही कडेला लागलेलं राहतं. गॅलरीत मीठ, तिखट, हळद यांच्या तीन लहान बाटल्या आणि तेलाची एक बाटली आहे. त्या संपल्या की आतल्या डब्यातून भरायच्या, पण चमच्याने वरून ओतून. तो चमचा बाटलीच्या तोंडाला लावायचा नाही आणि त्या बाटल्यांतलं तिखट परत आत आणायचं नाही. कांदा, मिरची आणि सांभार म्हणजे कोथिंबीर आधी आतल्या विळीवर चिरून वाटीत बाहेर जातं, अंडं त्यानंतर फुटतं. जे एकदा बाहेर गेलं ते आत येत नाही, आतून बाहेर मात्र जाऊ शकतं. ही एकच दिशा लक्षात ठेवली की बाकीचे बरेच नियम आपोआप सुचतात.

वाढण्याचं सगळ्यांत नाजूक होतं, कारण तिथे माणसं असतात. पहिले काही दिवस भाचा गॅलरीतच उभ्याने खायचा. आईंनाच ते बघवेना. म्हणाल्या, "पोरानं एकट्यानं जेवू नये, त्याचं ताट आण इकडे." मग आम्ही पद्धत बसवली. अंड्याचा गंज किंवा तवा जेवणाच्या जागी येत नाही. त्याच्या ताटात आधी आत भात, वरण, पोळ्या, भाजी वाढून घ्यायची, मग ते ताट बाहेर नेऊन त्यात अंडं वाढायचं, आणि तो ते घेऊन सगळ्यांबरोबर बसतो. अंड्याचा डाव गॅलरीतच राहतो. नंतर त्याला पोळी हवी असेल तर तो पोळ्यांच्या डब्याला हात लावत नाही, आम्ही वाढतो. भात वाढतानाही चमचा त्याच्या ताटाला टेकवायचा नाही, वरून सोडायचा. टेकलाच तर तो चमचा तिथेच थांबतो आणि दुसरा घेतो, तो परत भाताच्या गंजात जात नाही. त्याच्या ताटातलं लोणचंही सुरुवातीलाच जास्त वाढते, म्हणजे बरणीकडे परत यावं लागत नाही. लोणच्याची बरणी वर्षाची असते, तिच्याबाबत आई अंड्याशिवायही कुणाला ओला चमचा घालू देत नाहीत.

एकादशीला अंडं नाही. महालक्ष्म्यांच्या तीन दिवसांत तर 'अं'चा सगळा संच कोरडा करून, पिशवीत बांधून गच्चीवरच्या खोलीत जातो, अंड्यांचा डबा फ्रिजमधून रिकामा होतो आणि तो कप्पा पुसून घेतला जातो. त्या दिवसांत भाच्याला पनीर, सोयाबीनच्या वड्या आणि फुटाणे. तो स्वतःच तिथीची आठवण ठेवतो, कॅलेंडरवर त्याने खुणा केल्या आहेत.

ही मांडणी प्रत्येक घरी चालेल असं मी म्हणणार नाही. आमच्या आईंना एकाच फ्रिजमध्ये बंद डबा चालतो. आमच्या ओळखीच्या एका जैन कुटुंबात तेही चालणार नव्हतं, आणि तिथे कितीही डबे घट्ट केले तरी उपयोग नव्हता. त्यांच्या भाडेकरू मुलीने लागतील तेवढीच अंडी रोज आणून त्याच दिवशी संपवायचं ठरवलं. समोरच्याची हरकत वासाला आहे, स्पर्शाला आहे की अंडं घरात असण्यालाच आहे, हे आधी मोकळेपणाने विचारून घ्यावं. वासाची हरकत असलेल्याला वेगळं ताट देऊन समाधान होत नाही, आणि स्पर्शाची हरकत असलेल्याला खिडकी उघडी असल्याचं सांगून होत नाही.

आमच्याकडे सध्या अडलेली गोष्ट मिक्सरची आहे. भाच्याला अंडाकरीसाठी खोबऱ्याचं वाटण हवं असतं, ते मी आधी करून बाहेर देते, तेवढं ठीक आहे. पण त्याला केळी, दूध आणि अंडं एकत्र फिरवून प्यायचं आहे, आणि कच्चं अंडं प्यायला मी तशीही तयार नाही. जाराच्या पात्याखालचं रबर उघडून धुता येत नाही, म्हणून आतला जार मिळणार नाही असं त्याला सांगितलं आहे. त्याने मैदानावरच्या मुलांकडून एक जुना जार मिळवला आहे, पण तो आमच्या मिक्सरवर बसत नाही.